"आता माझा नंबर" म्हणणाऱ्या मित्राला काय उत्तर द्यावं?

बाकसोबती
माझं वय 78. शाळेपासूनचे आम्ही सात जण. गेल्या सोळा महिन्यांत त्यातले चार गेले. पहिला गेला तेव्हा उरलेले सहाही जण त्याच्या घरी जमलो होतो आणि लहान मुलांसारखे रडलो होतो. चौथ्याची बातमी आली तेव्हा मी फोन ठेवला आणि बाकीच्यांना कळवायचं म्हणून चष्मा शोधत बसलो. रडू आलंच नाही. त्याची अजून लाज वाटते.

आता तिघं आहोत. एकाला विस्मरणाचा आजार आहे, त्याच्याबद्दल वेगळं विचारीन. दुसरा माझा पहिलीपासूनचा बाकसोबती. प्रश्न त्याचा आहे. चौथा गेल्यापासून प्रत्येक फोनला तो एकदा तरी म्हणतो, "आता माझा नंबर." मी म्हणतो, "असलं काही बोलू नकोस, तुला काय धाड भरलीय?" त्यावर तो हवापाण्याचं दोन वाक्यं बोलतो आणि फोन ठेवतो.

परवा समक्ष गेलो. मी समोर बसल्यावर त्याने कानातलं ऐकण्याचं यंत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. नखाएवढं ते यंत्र. मी तासभर त्याच्याशी बोलत होतो आणि तो माझ्याकडे बघत होता. त्याला काही ऐकू येत नव्हतं हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. तरी मी बोलत राहिलो, कारण गप्प बसलो असतो तर काय केलं असतं ते कळत नव्हतं.

घरच्या माणसांचं सांत्वन कसं करायचं ते एवढ्या वर्षांत शिकलो. पण मित्र गेल्यावर उरलेल्या मित्राचं सांत्वन कसं करायचं? मी स्वतःच त्याच रांगेत उभा आहे.

निवांत
बोलू द्या त्यांना. "असं बोलू नकोस" म्हटलं की दार लागतं.

मधुमालती
बाकसोबतीकाका, वाचून गलबलून आलं. दुःखाच्या पाच पायऱ्या असतात असं मी वाचलंय. नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि मग स्वीकार. तुमचे मित्र चौथ्या पायरीवर दिसतात. थोडा वेळ दिलात की पाचवी आपोआप येईल. तुम्हाला रडू आलं नाही, म्हणजे तुम्ही बहुतेक अजून पहिल्या पायरीवर आहात.

पायवाट
+1 निवांत. माझे वडील असंच म्हणायचे आणि आम्ही सगळे एका सुरात "काहीतरीच काय बाबा" म्हणायचो. त्यांना काय सांगायचं होतं ते कधी कळलंच नाही.

जुनीवही
महत्त्वाचा धागा काढलात. हल्लीच्या सांत्वनाबद्दल मलाही फार दिवसांपासून लिहायचं होतं. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर कुणी गेल्याचं कळलं की दहा मिनिटांत चाळीस "भावपूर्ण श्रद्धांजली" येऊन पडतात. एकाने टाकलेलं चित्र दुसरा तसंच पुढे ढकलतो. मागच्या महिन्यात एका मित्राच्या फोटोखाली दुसऱ्याच गेलेल्या मित्राचं नाव होतं, जुनंच चित्र कुणीतरी परत वापरलं होतं. दोन तासांनी त्याच ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा. हे बंद व्हायला पाहिजे. लिहायचं तर दोन ओळी स्वतःच्या लिहा.

निवांत
जुनीवही, धाग्याचा प्रश्न वेगळा आहे, पण तुमचं म्हणणं पटलं.

शुश्रूषा
मी बावीस वर्षं बरे न होणाऱ्या रुग्णांच्या शुश्रूषेत काढली. आता निवृत्त आहे, वय 69. दोन गोष्टी लिहिते.

मधुमालती, त्या पाच अवस्था एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 साली मांडल्या. त्या मुळात मागे राहिलेल्यांच्या नव्हत्या. ज्यांना स्वतःचा मृत्यू समोर दिसत होता अशा रुग्णांशी बोलून त्यांनी ते लिहिलं होतं. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या. आणि त्या जिन्यासारख्या एकामागून एक येत नाहीत. मी एकाच माणसाला सकाळी शांत, दुपारी संतापलेला आणि रात्री "रिपोर्ट चुकीचा असेल" म्हणताना पाहिलंय. त्यामुळे "पाचवी पायरी आपोआप येईल" या भरवशावर कुणाला सोडू नये.

पण तुम्ही अनवधानाने एक खरी गोष्ट पकडलीत. बाकसोबतींच्या मित्रावर दोन्ही ओझी आहेत. तो मित्रांच्या मागे राहिलाय आणि त्याच वेळी स्वतःच्या मरणाकडेही बघतोय. तरुण माणसाचा मित्र जातो तेव्हा हे दुसरं ओझं बहुधा नसतं.

म्हणून "आता माझा नंबर" या एका वाक्याचे अनेक अर्थ असू शकतात. कधी ते गेलेल्या मित्राबद्दलचं दुःख असतं. कधी मरणाची भीती, आणि ती मरणापेक्षा मरतानाच्या हालांची जास्त असते. कधी त्याला शरीरात काहीतरी जाणवत असतं, ते त्याने कुणालाच सांगितलेलं नसतं. आणि कधी, हेही मी ऐकलंय, त्याला आता जगायचंच नसतं. बाहेरून यातलं कुठलं आहे ते ओळखता येत नाही. विचारावं लागतं.

विचारायचं साधंच. "नंबर म्हणतोस तेव्हा मनात नक्की काय येतं रे?" एवढंच, आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणंच अवघड. मी नवीन असताना मनात वीसपर्यंत आकडे मोजायची. बहुतेक माणसं बारा-पंधराच्या सुमारास बोलायला लागतात, आणि आपल्याला तर पाचलाच तोंड उघडावंसं वाटतं.

खिडकीजवळ
हे वीस मोजायचं लक्षात ठेवते.

शरयू81
आमची मैत्री एकसष्ट वर्षांची. ती गेली हे मला अकराव्या दिवशी कळलं, तेही मीच तिच्या घरी फोन लावला म्हणून. मुलाने उचलला. चांगला मुलगा आहे, चूक त्याची नाही. तो म्हणाला, "मावशी, सगळ्यांना कळवलं, तुमचं राहूनच गेलं." नातेवाइकांची यादी केली होती त्यांनी. मी नातेवाईक नाही.

नंतर मी भेटायला गेले. येणारा प्रत्येक जण मुलाला भेटत होता, सुनेला भेटत होता. मी कोपऱ्यात. एक बाई मला म्हणाल्या, "तुम्ही शेजारच्या का?" एकसष्ट वर्षांत तिच्याबद्दल मला जे माहीत होतं, ते तिच्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. पण माझ्याकडे सांत्वनाला कोण येणार? माझ्या घरचे म्हणाले, "वय झालं होतं ना त्यांचं." झालं होतं. माझंही झालंय.

पायवाट
शरयूताई... काय लिहू कळत नाही. नाव न घेता तिच्याबद्दल काही सांगाल का इथे? आम्ही ऐकतोय.

शरयू81
तिला पत्ते लावायला आवडायचं आणि ती लबाडी करायची. साठ वर्षं. मला कळत होतं हे तिला कळत होतं. आता हे कुणाला सांगायचं?

शुश्रूषा
शरयूताई, तुमच्यावर जे गुदरलं त्याचा 1980 च्या दशकात केनेथ डोका यांनी बराच अभ्यास केला. ज्या दुःखाला भोवतालचे लोक दुःख म्हणून मोजतच नाहीत, ते सोसायला जास्त जड जातं, कारण ते उघडपणे करताच येत नाही. मित्रमैत्रिणींचं जाणं त्यात अगदी वर येतं. तणावाचे गुण देणारी 1967 ची एक प्रसिद्ध यादी आहे, होम्स आणि राहे यांची. तिच्यात जोडीदाराच्या मृत्यूला 100 गुण आहेत, जवळच्या नातलगाच्या मृत्यूला 63 आणि जवळच्या मित्राच्या मृत्यूला 37. ती सरासरी आहे, मान्य. पण तुमच्यासारख्यांचे 37 कसे असतील?

ऑस्ट्रेलियात हजारो लोकांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून 2019 साली एक अभ्यास छापून आला. जवळचा मित्र गेल्यावर तब्येतीवर, मनावर आणि लोकांत मिसळण्यावर चार वर्षांपर्यंत परिणाम दिसत होता. आपण मात्र चार आठवड्यांत "आता सावर" म्हणतो.

रातकिडा
या सगळ्याला एवढं शास्त्र कशाला लागतं ते मला समजत नाही. माझं वय 84. आमचा नऊ जणांचा कट्टा होता, आता चार उरलो. कुणी "आता माझा नंबर" म्हणाला की आम्ही म्हणतो, "रांगेत ढकलाढकली नको, वयाप्रमाणे उभे राहा." सगळ्यात म्हातारा मी, म्हणून मी ओरडतो, "माझ्या पुढे कुणी घुसायचं नाही!" आणि हसतो. यंदा एक घुसलाच, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. त्याच्या घरून परत येताना आमच्यातला एकजण म्हणाला, "लेकाने रांग मोडली." आम्ही रस्त्यात उभे राहून हसलो आणि मग तिथेच रडलो. आमचं सांत्वन हेच.

मधुमालती
रातकिडाकाका, पण बाकसोबतींच्या मित्राला अशी थट्टा टोचली तर?

रातकिडा
टोचेल. म्हणून ती रांगेतल्यानेच करायची. माझ्या नातवाने केली असती तर मी काठी उगारली असती.

खिडकीजवळ
मला थट्टा सहन होत नाही, वय 74. सगळ्यांना सारखंच औषध चालत नाही. आमच्याकडे एकजण सतत असंच बोलायचा आणि आम्ही हसायचो. नंतर कळलं, त्याला खरंच भीती वाटत होती. हसण्यामुळे त्याला ते कधी सांगताच आलं नाही.

रातकिडा
हे मात्र खरं असू शकतं. आमच्यात असा कोण आहे याचा विचार आता रात्रभर करीन.

दुसराडाव
बाकसोबती, रडू आलं नाही म्हणून लाज वाटते असं तुम्ही लिहिलंत. त्याबद्दल माझा अनुभव.

माझे एका वर्षात पाच गेले. तिसऱ्याच्या घरी गेलो, वहिनींसमोर बसलो आणि बोलताना पहिल्याचं नाव तोंडातून गेलं. एकदा नव्हे, दोनदा. "त्याला पोहायची किती आवड होती" असं म्हणालो. हा तिसरा आयुष्यात कधी पाण्यात उतरला नव्हता. वहिनी काहीच बोलल्या नाहीत. मी घरी येऊन ढसाढसा रडलो. ते रडणं तिसऱ्यासाठी नव्हतंच, पहिल्यासाठी होतं. तो गेला तेव्हा मी धावपळीत होतो, आणि ते राहूनच गेलं होतं.

पाचव्याच्या अंत्यदर्शनाला मी गेलो नाही. गुडघे कारण सांगितलं. खरं कारण गुडघे नव्हते.

शुश्रूषा
दुसराडाव, हे लिहिलंत ते फार बरं झालं. एक दुःख पुरतं उरकायच्या आत दुसरं येऊन पडतं, म्हाताऱ्या माणसांत हे वरचेवर होतं, असं रॉबर्ट कास्टनबॉम यांनी 1969 मध्येच लिहून ठेवलंय. मन मग बधिर होतं. नावं अदलाबदल होतात, भलत्या वेळी रडू येतं किंवा येतच नाही. बाकसोबती, चष्मा शोधणं म्हणजे मन कोरडं झालं असा अर्थ नाही. चौथ्याची पाळी यायची आहे, आत अजून दुसऱ्याचं चाललंय.

अशा वेळी प्रत्येकाच्या अंत्यविधीला जायलाच हवं असंही नाही. न जाता घरच्यांना तीन महिन्यांनी फोन करणारा माणूस माझ्या मते जास्त उपयोगाचा. पहिल्या आठवड्यात फोन खणखणत असतो, तिसऱ्या महिन्यात कुणीच नसतं. दिनदर्शिकेवर तीन महिन्यांनंतरच्या तारखेला आजच त्या घराचं नाव लिहून ठेवा.

पायवाट
यात एक अडचण येते. मित्र जाईपर्यंत आपण त्याच्याच फोनवर बोललेलो असतो. तो गेल्यावर वहिनींशी बोलायला नंबर तोच. लावताना हात थांबतो. माझा असा एक फोन सात महिने राहिला.

दुसराडाव
माझे तीन राहिलेत.

सावली
बाकसोबतींनी विस्मरण झालेल्या मित्राचा उल्लेख केलाय. माझं स्पष्ट मत आहे की आजारी म्हाताऱ्या माणसाला मित्र गेल्याचं सांगूच नये. आमच्या नात्यातल्या एकांना हृदयविकार होता. त्यांना बातमी सांगितली आणि त्याच रात्री झटका आला. ज्याने सांगितली तो आजही स्वतःला माफ करू शकलेला नाही.

शुश्रूषा
सावली, त्या माणसाचं ओझं मी समजू शकते. हा योगायोग असेल किंवा नसेल. 2012 साली अमेरिकेत जवळपास दोन हजार झटका आलेल्या रुग्णांना विचारून केलेला एक अभ्यास आहे. जवळचं माणूस गेल्यावर पहिल्या 24 तासांत झटक्याची शक्यता एरवीपेक्षा 21 पट वाढते आणि मग दिवसागणिक उतरत जाते. एकवीस हा आकडा घाबरवणारा आहे. पण एका दिवसाची एरवीची शक्यता इतकी थोडी असते की एकवीस पट होऊनही बहुसंख्य लोकांना काही होत नाही.

म्हणून मी "सांगू नका" असं म्हणत नाही. सांगताना काळजी घ्या म्हणते. ऐकणारा एकटा नको. रात्री नको. आधी घरातल्या माणसाला सांगा, मग त्यांच्या समोर, बसलेलं असताना सांगा. "तो आता नाही, काल दुपारी गेला" असं सरळ सांगा, कोड्यात नको. त्या दिवशीच्या गोळ्या वेळेवर घेतल्या जातील हे बघा आणि पुढचा एक दिवस कुणीतरी जवळ राहा. छाती भरून आली, दम लागला, घाम फुटला, तर "दुःखामुळे होतंय" म्हणून थांबू नका.

लपवलं तर काय होतं तेही पाहिलंय. बातमी दुसऱ्या कुणाकडून कळतेच. मग मित्र गेल्याचं दुःख आणि आपल्याला लहान मूल समजून लपवल्याचा राग, दोन्ही एकदम.

सावली
तरी माझं मत बदललेलं नाही. पण तुम्ही लिहिलेलं त्या माणसाला वाचायला देईन.

बाकसोबती
सगळ्यांचे आभार. प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला. शरयूताई, तुमचा तीनदा.

विस्मरण झालेल्या मित्राबद्दल विचारतो. त्याला पहिला गेल्याचं आम्ही सांगितलं होतं. तो खूप रडला. पुढच्या भेटीत त्याने पुन्हा विचारलं, "तो का नाही आला?" आम्ही पुन्हा सांगितलं. तो पुन्हा तितकाच रडला, जणू पहिल्यांदाच ऐकतोय. त्यानंतर बाकीच्या तिघांचं आम्ही सांगितलंच नाही आणि हळूहळू जाणंच कमी केलं. खरं कारण हेच आहे.

शुश्रूषा
तुम्ही जे पाहिलंत ते तसंच असतं. बातमी त्याच्या मनात टिकत नाही, घाव मात्र दर वेळी नवा होतो. अगदी सुरुवातीचा आजार असेल तर एकदा खरं सांगावं, त्याचा तो हक्क आहे. पण विसरून पुन्हा पुन्हा विचारतो अशी अवस्था आली की रोज नव्याने सांगण्यात काही मिळत नाही. तेव्हा खोटंही रचायचं नाही, "येईल उद्या" म्हणायचं नाही. त्याने नाव घेतलं की विचारायचं, "त्याची आठवण येते का रे?" बहुतेक वेळा त्याला मित्राचा पत्ता नको असतो, मित्राबद्दल बोलायचं असतं. जुनं त्याला तुमच्यापेक्षा चांगलं आठवत असेल. आणि त्याने थेट "तो गेला का?" असं विचारलं, तर हो म्हणा आणि हात धरून बसा.

जाणं मात्र थांबवू नका.

कानसेन
बाकसोबती, कानाच्या यंत्राबद्दल. माझ्या दोन्ही कानांत आहे. अनेक माणसं एकदम बोलायला लागली की त्यात नुसता गोंगाट येतो, डोकं उठतं. भेटायला लोक येतात तेव्हा मीही काढून ठेवतो. तुमच्या मित्राने तुम्हाला टाळायला काढलं असं गृहीत धरू नका. कदाचित सवयीने काढलं असेल. पण तुम्ही एकटेच होतात म्हणता, तर मग सांगता येत नाही. त्यालाच विचारा. शेजारी बसू नका, समोर तीन-चार फुटांवर बसा, उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल असे. आम्ही निम्मं ओठांवरून ऐकतो.

खिडकीजवळ
शरयूताईंचा प्रतिसाद वाचून मी आज एक काम केलं. एका कागदावर मोठ्या अक्षरांत सात मैत्रिणींची नावं आणि नंबर लिहिले आणि मुलीच्या हातात दिले. प्रत्येकीपुढे एकेक ओळ. "हिला कमी ऐकू येतं, हळू बोल." "ही एकटी राहते, आधी तिच्या शेजारणीला फोन कर." "हिला रात्री सांगू नकोस." मुलगी आधी चिडली, मग वाचत गेली. म्हणाली, "आई, यातल्या तिघी मला माहीतच नाहीत." मग आम्ही दोन तास त्या तिघींबद्दल बोलत बसलो.

शरयू81
खिडकीजवळ, असं मीही लिहिते. माझ्याकडे नावं दोनच उरलीत, पण लिहिते.

जुनीवही
दोनच का, शरयूताई? तिसरं नाव इथल्या कुणाचं तरी घाला. आम्हाला कळायला हवं.

बाकसोबती
आठवडा उलटला, म्हणून कळवतो.

गुरुवारी गेलो होतो. कानसेन यांनी सांगितलं तसा समोर बसलो, खिडकीकडे तोंड करून. त्याने पुन्हा यंत्र काढलं. मी बोललो नाही. टेबलावरून उचलून त्याच्यापुढे तळहातावर धरलं. बराच वेळ त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, मग घेतलं आणि कानात बसवलं. शिटी वाजली, त्याने नीट केलं. मी म्हणालो, "नंबर म्हणतोस तेव्हा मनात काय येतं रे?"

शुश्रूषाताई, मी एकोणीसपर्यंत पोचलो होतो.

तो म्हणाला, "मी आधी गेलो तर तुझं काय?" मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तो म्हणाला, "त्याला काही आठवत नाही. मी गेल्यावर तू एकटा. तुला फोन कोण करणार? म्हणून तुला आधीपासून सवय लावत होतो. ऐकायचं बंद केलं, म्हणजे तुला बोलायची सवय सुटेल."

मी त्याला शिव्या दिल्या. इथे लिहिता येणार नाहीत अशा. मग आम्ही दोघंही रडलो, आणि मला चौथ्यासाठी रडू आलं. शेवटी आलं.

पण एवढ्यावर संपलं नाही. नंतर मी त्याचा शर्ट बघितला. गळ्याशी हातभर ढिला. विचारल्यावर म्हणाला, पाच-सहा किलो उतरलंय, पहाटे तीनला जाग येते आणि मग झोप नाही, वाचायचं म्हटलं तर पान पुढे जात नाही. हे दुःखच आहे का आणखी काही?

शुश्रूषा
तुम्ही ते आकडे मोजलेत आणि थांबलात, मला फार बरं वाटलं.

आता हे मात्र गंभीरपणे घ्या. दुःख लाटेसारखं येतं. एखादी आठवण आली की उसळतं, मग ओसरतं, आणि मधे माणूस हसतो, कशात तरी रमतो. त्याचं तसं होतं का ते आठवून बघा. दिवसभर एकसारखं मळभ असेल, आवडीच्या गोष्टीतही मन नसेल, "मी कुणाच्या कामाचा नाही" असं बोलणं असेल, तर ते नैराश्य असू शकतं, आणि म्हातारपणातलं नैराश्यही उपचारांनी सुधारतं. वजन उतरण्याची शरीराची कारणंही असतात, मधुमेह, थायरॉइड, आणखीही काही. म्हणून आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या आणि वजन, झोप, मित्रांचे मृत्यू, तिन्ही गोष्टी त्यांना एकत्र सांगा. एकटा गेला तर तो फक्त गुडघ्याचं सांगून येईल.

आणि एक प्रश्न तुम्हालाच विचारावा लागेल. "जगणं नको असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट सांगायला वाट मिळते. उत्तर हो आलं, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

रातकिडा
मित्र गेल्यावर झोप उडणारच, वजन उतरणारच. प्रत्येक गोष्टीला आजार म्हणायची काही गरज नाही. पण सहा किलो जास्त होतात. घेऊन जा त्याला.

बाकसोबती
विचारलं. फोनवर नाही, समक्ष. तो म्हणाला, "मरावंसं वाटत नाही. पण उठावंसंही वाटत नाही." डॉक्टरांकडे जाऊन आलो. रक्त तपासायला दिलंय. मनाच्या डॉक्टरांचं नाव त्यांनीच लिहून दिलं. तिथे जायचं की नाही यावर आमचं भांडण चालू आहे. पहिलीपासूनच्या भांडणांत मी फारसा कधी जिंकलेलो नाही.

काल दोघं मिळून त्या तिसऱ्याकडे गेलो. पाच महिन्यांनी. त्याने दारातच विचारलं, "बाकीचे कुठे आहेत?" मी गडबडलो. माझा बाकसोबती म्हणाला, "त्यांची आठवण येते का रे?" तो म्हणाला, "येते तर!" आणि सहावीत आम्ही प्रयोगशाळेची काच फोडली होती त्याची हकीकत सांगायला लागला. कोणी दगड उचलला, कोण पळालं, कुणी मार खाल्ला, सगळं. चौघांचीही नावं घेतली, एकही चुकलं नाही. मला त्यातलं निम्मंही आठवत नव्हतं. बाकसोबती पुढे झुकून ऐकत होता. मध्येच त्याच्या यंत्राची बॅटरी संपली, तर तिसऱ्याने त्याच्या कानाला तोंड लावून उरलेली गोष्ट सांगितली.

मंगळवारी पुन्हा जातोय. जादा बॅटरी मी माझ्या खिशात ठेवलीय.